पुस्तकाच्या करारातली ‘सर्व हक्क’ ही ओळ

पुस्तक स्वीकारल्याचं कळतं, पाठोपाठ करारनामा येतो, आणि बहुतेक लेखक त्यात दोनच गोष्टी शोधतात: रॉयल्टी किती टक्के आणि पुस्तक कधी निघणार. त्याच करारात सुरुवातीला एक वाक्य असतं, साधारण अशा अर्थाचं: ‘लेखक या पुस्तकाचे सर्व स्वरूपांतले, सर्व भाषांतले, जगभरातले हक्क प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी प्रकाशकास देत आहे.’ पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्या पुस्तकाचं काय होऊ शकेल, हे रॉयल्टीच्या टक्क्यांपेक्षा या वाक्यावर जास्त अवलंबून असतं.

प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट हा एकच अखंड हक्क असतो असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात तो अनेक हक्कांचा संच आहे. १८८६ मध्ये झालेला बर्न करार या विषयातला सर्वांत जुना मोठा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या आजच्या मसुद्यात अनुवादाचा हक्क आठव्या कलमात आहे, रूपांतराचा बाराव्यात आणि चित्रपटाचा चौदाव्यात. म्हणजे छापून विकणं, दुसऱ्या भाषेत नेणं, आवाजात ध्वनिमुद्रित करणं, रंगमंचावर आणणं, पडद्यावर आणणं, या सगळ्या निरनिराळ्या परवानग्या आहेत. त्यातल्या प्रत्येकीला भाषा, प्रदेश, मुदत आणि ‘एकट्यालाच की इतरांनाही’ अशा मर्यादा घालता येतात. एकाच कादंबरीचा स्पॅनिश अनुवाद स्पेनमध्ये एका प्रकाशकाकडे सात वर्षांसाठी, लॅटिन अमेरिकेत दुसऱ्याकडे पाच वर्षांसाठी आणि स्पॅनिश ऑडिओबुक तिसऱ्याच कंपनीकडे, हे रोजच्या व्यवहारातलं चित्र आहे.

हे सगळं एका वाक्यात देऊन टाकता येतं, तसंच एका शब्दाने राखूनही ठेवता येतं. शब्दांचा फरक किती दूर जातो, हे दाखवणारे दोन खटले अमेरिकेत झाले. दोन्ही ई-बुकबद्दल होते, पण त्यांतून मिळणारी दृष्टी कुठल्याही हक्काला लागू पडते.

पहिला २००१ चा. विल्यम स्टायरन, कर्ट व्हॉनेगट आणि रॉबर्ट पार्कर या लेखकांनी आपल्या काही जुन्या पुस्तकांची ई-बुकं काढायला रोझेटा बुक्स या नव्या कंपनीला परवानगी दिली. मूळ प्रकाशक रँडम हाउस न्यायालयात गेला. हे हक्क आमच्याकडे आहेत, विक्री थांबवा, अशी त्याची मागणी होती. मूळ करार १९६० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे होते. त्यांत प्रकाशकाला हे लिखाण ‘पुस्तकरूपात’ छापण्याचा, प्रकाशित करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला होता. न्यायाधीशांनी कराराची बाकीची कलमं वाचली. बुक क्लबची आवृत्ती, संक्षिप्त आवृत्ती, ब्रेल आवृत्ती यांचे हक्क तिथे वेगवेगळे नोंदवलेले होते. ‘पुस्तकरूपात’ या शब्दात सगळंच येत असतं तर हे वेगळं लिहायची गरजच नव्हती. विक्री तात्पुरती थांबवण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली, २००२ मध्ये वरच्या न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला आणि पुढे दोन्ही पक्षांनी तडजोड केली.

दुसरा खटला जीन क्रेगहेड जॉर्ज या बालसाहित्यिकेच्या एका कादंबरीचा. करार १९७१ चा, प्रकाशक हार्परकॉलिन्स. ई-बुकं निघू लागली तेव्हा या प्रकाशकाने लेखिकेला पंचवीस टक्के रॉयल्टी देऊ केली, तर ओपन रोड ही दुसरी कंपनी पन्नास टक्के द्यायला तयार होती. लेखिकेने ओपन रोडला होकार दिला. हार्परकॉलिन्सने दावा लावला आणि २०१४ मध्ये तो जिंकला. कारण या करारात एक जास्तीचं कलम होतं. संगणकाद्वारे किंवा ‘आज माहीत असलेल्या अथवा पुढे शोध लागेल अशा’ इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे या पुस्तकाचा वापर करण्यासंबंधीचं. १९७१ मध्ये ई-बुक कुणी पाहिलं नव्हतं. तरीही त्या कलमाने तो हक्क प्रकाशकाच्या बाजूला गेला. लेखिकेची संमती घेण्याची अट करारात होती, पण दुसरीकडे जाण्याची वाट बंद झाली.

म्हणून करारात ‘पुढे शोध लागेल अशा’ किंवा ‘भविष्यातील सर्व माध्यमांत’ असे शब्द दिसले की तिथे थांबावं. भारतात प्रताधिकार कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाला याबाबत थोडं संरक्षण मिळालं आहे. हस्तांतराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते करारात स्पष्ट नावानिशी लिहिलेलं नसेल तर त्याचे हक्क गेले असं धरलं जात नाही. पण हे संरक्षण नव्या माध्यमांपुरतं आहे. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट ही माध्यमं आज सर्वांना माहीत आहेत. ती ‘सर्व हक्कां’त सरळ जातात.

आता प्रश्न असा की प्रकाशक हे हक्क मागतात कशासाठी? दर वेळी त्यामागे लबाडी असते असं मी मानत नाही. छापील पुस्तकावर प्रकाशक खर्च करतो, संपादन करतो, पुस्तक चालेल की नाही याची जोखीम घेतो. ते चाललं आणि त्यातून अनुवाद निघाले, तर त्या उत्पन्नात वाटा मागणं गैर नाही. काही प्रकाशन संस्थांमध्ये हक्कविक्रीचा वेगळा विभाग असतो. त्यांची माणसं दर वर्षी फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात परदेशी प्रकाशकांना भेटतात, पुस्तकाचा सारांश आणि नमुना अनुवाद तयार ठेवतात, वर्षभर पाठपुरावा करतात. अशा प्रकाशकाला अनुवादाचे हक्क देणं शहाणपणाचं ठरू शकतं. अडचण होते ती ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने छापील मसुद्यात आहे म्हणून सगळे हक्क घेतले की. तो हक्क वापरत नाही, विकत नाही, आणि लेखकालाही वापरता येत नाही.

प्रकाशकाने हक्क विकले तर पैसे कसे फिरतात, हे एका उदाहरणावर नीट बघू. समजा लेखिकेला पुस्तकासाठी १,००,००० आगाऊ मिळाले. ही रक्कम पुढच्या रॉयल्टीतून वळती होणार. पहिल्या दोन वर्षांत छापील पुस्तकावर तिची रॉयल्टी ६०,००० झाली, म्हणजे ४०,००० अजून फिटायचे आहेत. अशा वेळी प्रकाशकाने एका भाषेतल्या अनुवादाचा हक्क ५०,००० ला विकला. करारानुसार त्यातले पंचाहत्तर टक्के लेखिकेचे, म्हणजे ३७,५००. पण ते तिच्या हाती येत नाहीत. आगाऊ रकमेच्या बाकीत ते जमा होतात, आणि एवढी विक्री होऊनही तिच्या नावावर २,५०० बाकी राहतातच. हिशेबाच्या कागदावर सगळं बरोबर असतं. लेखिकेला मात्र अनुवाद झाला तरी पैसे का नाहीत, हे कळत नाही.

तोच हक्क तिने स्वतःकडे ठेवला असता आणि एजंटमार्फत विकला असता तर? परदेशी व्यवहारावर एजंटचं कमिशन साधारण वीस टक्के असतं. १०,००० वजा जाऊन ४०,००० थेट तिला मिळाले असते, आणि छापील पुस्तकाची बाकी त्या पुस्तकाच्या विक्रीतूनच हळूहळू फिटली असती. एजंट नसेल तर ग्राहक शोधण्याचं काम तिला स्वतः करावं लागलं असतं, हेही खरंच. म्हणून हक्क प्रकाशकाकडे द्यायचेच असतील, तर अनुवादाचं उत्पन्न आगाऊ रकमेत वळतं न करता ठरावीक दिवसांत लेखकाला द्यावं, अशी अट मागता येते. ती मान्य होण्याची शक्यता लेखकांना वाटते त्यापेक्षा जास्त असते, कारण ती फार थोडे जण मागतात.

अनुवादाच्या हक्कात आणखी एक खाच आहे आणि लहान भाषांमधल्या लेखकांना ती जास्त बोचते. अशा भाषेतलं पुस्तक जगात बहुधा एका मोठ्या मधल्या भाषेतून जातं. आधी इंग्रजी अनुवाद होतो, मग इंग्रजीवरून इतर भाषांत. इंग्रजी अनुवाद काढणारा प्रकाशक करारात अनेकदा ‘जगभरातील हक्क, पोटपरवाने देण्याच्या अधिकारासह’ असे शब्द घालतो. लेखक आनंदाने सही करतो. त्याच्या कल्पनेत त्याने इंग्रजीचा हक्क दिलेला असतो. पण वाक्यरचना सैल असेल तर पुढे जर्मन किंवा फ्रेंच प्रकाशकाशी बोलण्याचा अधिकारही त्या इंग्रजी प्रकाशकाकडे जातो, आणि त्या पैशातला वाटाही. यावर साधा उपाय आहे. करारात ‘केवळ इंग्रजी भाषेत’ असं लिहायचं आणि इतर सर्व भाषांचे हक्क लेखकाकडे राखीव असल्याचं स्वतंत्र वाक्य टाकायचं.

इथे अनुवादकाचा हक्कही लक्षात घ्यावा लागतो. अनुवादावर अनुवादकाचा स्वतःचा प्रताधिकार असतो. जर्मन अनुवाद इंग्रजीवरून होणार असेल तर मूळ लेखकाची परवानगी लागतेच, शिवाय त्या इंग्रजी अनुवादाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचीही लागते. तसंच सात वर्षांनी इंग्रजीचा परवाना संपला आणि लेखकाला तोच अनुवाद दुसऱ्या प्रकाशकाकडे न्यायचा असेल, तर अनुवादकाशी नव्याने बोलावं लागतं. माझ्या मते परवाना संपल्यावर अनुवाद कोणत्या अटींवर वापरता येईल, हे पहिल्याच करारात लेखक, अनुवादक आणि प्रकाशक अशा तिघांनी ठरवून ठेवावं. नंतर ते ठरवताना कुणीतरी अडून बसतं.

ऑडिओचा हक्क बराच काळ किरकोळ मानला गेला. म्हणूनच तो जुन्या करारांत नकळत निघून गेलेला दिसतो. त्याचा खरा प्रश्न असा की मध्ये किती हात आहेत. समजा श्रोत्याने ऑडिओबुकसाठी १०० मोजले. विक्री करणाऱ्या मंचाने त्यातले ५० ठेवले, ५० ऑडिओ कंपनीला दिले. ऑडिओ कंपनीने हक्कधारकाला त्याच्या पंचवीस टक्के, म्हणजे १२.५० दिले. हक्कधारक प्रकाशक असेल आणि लेखकाशी अर्धा-अर्धा करार असेल, तर लेखकाला ६.२५ मिळतात. हक्क स्वतःकडे असता तर त्याला १२.५० मिळाले असते. पण प्रकाशक स्वतः स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून ऑडिओबुक काढणार असेल, तर एक मधला हात कमी होतो आणि त्यालाच हक्क देण्यात अर्थ राहतो. म्हणून ‘ऑडिओ तुम्ही स्वतः काढणार की कुणाला विकणार?’ हा प्रश्न सहीआधी विचारायचा.

ऑडिओ म्हणजे नेमकं काय, हेही लिहून घ्यावं. एका आवाजात पूर्ण पुस्तकाचं वाचन ही एक गोष्ट. अनेक कलाकार, संवाद, संगीत घेऊन केलेलं श्राव्य नाट्य ही वेगळी गोष्ट, आणि ती चित्रपट-मालिकेच्या हक्कांशी टक्कर घेऊ शकते. यंत्राच्या आवाजात वाचन ही तिसरी. २००९ मध्ये ॲमेझॉनच्या किंडल यंत्राने पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची सोय आणली, तेव्हा अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने हा ऑडिओ हक्कावर घाला असल्याचं म्हटलं. शेवटी ती सोय कोणत्या पुस्तकाला द्यायची हे ठरवण्याची मुभा ॲमेझॉनने हक्कधारकांना दिली. ‘एका मानवी आवाजातलं, संक्षेप न केलेलं वाचन’ इतक्या नेमक्या शब्दांत हक्क दिला, तर बाकीचं लेखकाकडे राहतं.

चित्रपटाचा व्यवहार याहून वेगळा चालतो. निर्माता सहसा हक्क लगेच विकत घेत नाही. आधी तो ‘ऑप्शन’ घेतो. म्हणजे बारा किंवा अठरा महिन्यांसाठी एक लहान रक्कम देऊन, या काळात ठरलेल्या किमतीला हक्क विकत घेण्याचा अधिकार फक्त स्वतःसाठी राखून ठेवतो. खरेदीची किंमत १०० धरली तर ऑप्शनची रक्कम साधारण १० असते, आणि पहिली रक्कम बहुधा पुढे खरेदीच्या किमतीतून वजा होते. या काळात तो पटकथा लिहवून घेतो, पैसे उभे करतो. जमलं तर खरेदी होते. नाही जमलं तर मुदत संपते, दिलेले पैसे लेखकाकडे राहतात आणि हक्क मोकळे होतात. बहुतेक ऑप्शन इथेच संपतात. म्हणून मुदत आणि नूतनीकरण किती वेळा करता येईल, हे नेमकं लिहिलेलं असणं महत्त्वाचं. ‘परस्पर संमतीने वाढवता येईल’ अशी मोघम ओळ असेल तर एका निर्मात्याच्या आशेवर पुस्तक वर्षानुवर्षं अडकतं.

खरेदीपूर्वी निर्मात्याचे वकील हक्कांची साखळी तपासतात. लेखकाने हे हक्क आधी कुणाला दिले आहेत का, हे कागदोपत्री सिद्ध व्हावं लागतं. मूळ प्रकाशकाकडून ‘आमचा या पुस्तकाच्या चित्रपट हक्कांवर दावा नाही’ असं पत्र मागितलं जातं. इथे सैल शब्दांचा करार उघडा पडतो. समजा दहा वर्षांपूर्वी लेखिकेने ‘सर्व रूपांतरांचे हक्क’ प्रकाशकाला दिले होते. प्रकाशन संस्था पुढे बंद पडली आणि मालकांच्या वारसांमध्ये वाद आहे. आता निर्माता तयार आहे, लेखिका तयार आहे, पण सही कुणाची घ्यायची हेच ठरत नाही. निर्माता काही आठवडे थांबतो आणि मग दुसरी गोष्ट निवडतो. प्रकाशकाचा काही फायदा होत नाही, लेखिकेचं तर नुकसानच होतं. प्रकाशकाने कधीच चित्रपट काढलेला नसताना तो हक्क त्याच्याकडे का असावा, याला मला तरी आजवर समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. चित्रपट, मालिका आणि नाटक हे हक्क लेखकाने स्वतःकडेच ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि निर्मात्याला देतानाही सगळं देऊ नये. छापील पुस्तक, ऑडिओ वाचन, नाटक आणि त्याच पात्रांवर पुढची पुस्तकं लिहिण्याचा हक्क राखून ठेवण्याची पद्धत आहे. शेवटचा हक्क सर्वांत जास्त विसरला जातो. सॅम स्पेड या गुप्तहेराचा जनक डॅशिएल हॅमेट याने १९३० मध्ये आपल्या कादंबरीचे चित्रपट, रेडिओ आणि टेलिव्हिजनचे हक्क वॉर्नर ब्रदर्सना दिले. पुढे त्याने हेच पात्र रेडिओवरच्या नव्या गोष्टींसाठी वापरू दिलं, तेव्हा वॉर्नर न्यायालयात गेले. १९५४ मध्ये निकाल हॅमेटच्या बाजूने लागला, कारण पात्र वापरण्याचा एकमेव हक्क दिल्याचं करारात नावानिशी कुठेही लिहिलेलं नव्हतं. आजचे निर्माते ही उणीव ठेवत नाहीत. पात्रं, पुढचे भाग, पुनर्निर्मिती हे सगळं त्यांच्या मसुद्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे मालिका लिहिणाऱ्या लेखकाने ते कलम दोनदा वाचावं.

जो हक्क द्यायचा तो मुदतीसह द्यावा. अनुवादाचा हक्क प्रकाशकाला दिला, पण चोवीस महिन्यांत एकाही भाषेचा करार झाला नाही तर तो आपोआप लेखकाकडे परत येईल, अशी ओळ पुरते. भारतीय कायद्यात याची एक मूळ तरतूद आहेच. हस्तांतर केलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर ते हस्तांतर संपलं असं मानलं जातं, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. पण या तिन्ही तरतुदी करारात काही वेगळं लिहिलेलं नसेल तरच लागू होतात. म्हणूनच तयार मसुद्यांमध्ये ‘एका वर्षात वापर न झाला तरी हक्क संपणार नाहीत’ अशी ओळ असते, आणि ती वाचताना निरुपद्रवी वाटते. अमेरिकेत १९७८ पासूनच्या करारांतले हक्क लेखकाला साधारण पस्तीस वर्षांनी परत मागता येतात, तेही आधी नोटीस देऊन. तेवढी वाट पाहण्यापेक्षा सहीच्या वेळी एक ओळ बदलून घेणं सोपं.

सही आधीच झाली असेल तरी वाट बंद होत नाही. जुना करार काढून कोणते हक्क दिले गेले आहेत ते बघावं आणि त्यातले कोणते प्रकाशकाने कधीच वापरले नाहीत, ते वेगळं लिहून काढावं. मग सौम्य भाषेत एक पत्र पाठवावं: अमुक हक्कांचा वापर झालेला नाही, ते मला परत करावेत. न वापरलेला हक्क धरून ठेवण्यात प्रकाशकालाही फारसा रस नसतो, म्हणून बरेच जण तयार होतात. तोंडी होकारावर मात्र थांबू नये. कोणत्या पुस्तकाचे, कोणत्या माध्यमातले, कोणत्या भाषांतले हक्क कोणत्या तारखेपासून परत आले, हे प्रकाशकाच्या सहीनिशी एका कागदावर घ्यावं आणि तो कागद मूळ कराराला जोडून ठेवावा.